हळदीच्या गावात हळद विकली, पण पैसे कमीच सुटले: कमी कमाईचा धंदा कधी सोडायचा?

हिंगोली जिल्ह्यात घरगुती व्यवसायाचा विषय निघाला की पहिलं नाव हळदीचं येतं, आणि ते साहजिकच आहे. वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत हळद पिकते. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळकुंडांचे ढीग लागतात. 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 'एक जिल्हा, एक उत्पादन' म्हणून हिंगोलीसाठी हळदच निवडलेली आहे.

त्यामुळे अनेक जण हळद पावडरची पॅकेटं करून बघतात. काहींचा जम बसतो. बऱ्याच जणांचं मात्र वेगळंच होतं. धंदा बुडत नाही आणि वाढतही नाही. दर आठवड्याला थोडी पॅकेटं जातात, थोडे पैसे हातात येतात आणि 'अजून दोन महिने बघू' असं म्हणता म्हणता वर्ष निघून जातं.

पूर्ण आपटलेला धंदा सोडणं त्या मानाने सोपं असतं, कारण पर्यायच उरत नाही. थोडंसं कमावणारा धंदा सोडणं जास्त अवघड. तो वेळ खात राहतो आणि यादीतल्या पुढच्या कल्पनेला कधी संधीच मिळत नाही. मग थांबायचं कधी, हे कसं ठरवायचं?

एका उदाहरणातून हे समजून घेऊ. उदाहरण कल्पित आहे आणि त्यातले भाव, खर्च, तास हे फक्त हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. आपापल्या गावचे आकडे घालून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

सुरुवात करण्यापूर्वी लिहिलेली रेघ

समजा, वसमत तालुक्यातली एक पदवीधर तरुणी आहे. घरची जबाबदारी सांभाळून सुरुवातीला आठवड्याला १० तास आणि धंदा चालला तर २५ तास ती देऊ शकते. तिच्या यादीत चार कल्पना आहेत: हळद पावडरची पॅकेटं, शेवया-कुरडया-पापडांचं उन्हाळी वाळवण, शहरातल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना जेवणाचा डबा, आणि घाण्याचं तेल.

हळदीपासून सुरुवात करण्याआधी तिने वहीत चार ओळी लिहिल्या. चाचणी १२ आठवड्यांची. एका वेळी १५,००० रुपयांपेक्षा जास्त भांडवल अडकवायचं नाही. धंदा पूर्ण वेळ चालू झाल्यावर महिन्याला ८,००० रुपये सुटले पाहिजेत, म्हणजे महिन्याच्या १०० तासांना ताशी ८० रुपये. आणि बाराव्या आठवड्याला हा दर गाठलेला नसेल, किंवा गाठण्याचा रस्ता आकड्यांत दिसत नसेल, तर थांबायचं.

ही रेघ आधी लिहायची, कारण नंतर माणूस ती सरकवतो. बाराव्या आठवड्यात हातात ओळखीची दोन दुकानं असतात, छापलेली लेबलं असतात, 'तुमची हळद छान आहे' असं म्हणणारी माणसं असतात. त्या वेळी ८० चे ५० करणं अगदी सोपं वाटतं. आधी लिहिलेला आकडा निदान विचारतो की कारण काय बदललं?

बारा आठवड्यांत काय झालं?

तिने बाजारातून १५० रुपये किलोने हळकुंडं घेतली आणि मसाला गिरणीतून दळून आणली. दळताना थोडी घट येते. ती घट आणि दळणावळ धरून पावडर किलोला साधारण १७० रुपयांना पडली. २०० ग्रॅमच्या पॅकेटात ३४ रुपयांची हळद, त्यावर पिशवी आणि लेबलचे ५ रुपये. एकूण ३९ रुपये.

पॅकेटची किंमत तिने ७० रुपये ठेवली. स्वतः विकलं तर पॅकेटमागे ३१ रुपये सुटतात. किराणा दुकानदाराला २० टक्के मार्जिन दिलं की हातात ५६ येतात आणि १७ सुटतात.

बारा आठवड्यांत ३६० पॅकेटं गेली. तिने स्वतः २६० विकली आणि दुकानांतून १०० गेली. त्यातून ९,७६० रुपये सुटले. प्रवास, वाटलेले नमुने, अन्न सुरक्षेची नोंदणी, लेबलचं डिझाइन आणि एका दुकानात बुडालेली उधारी मिळून ५,३६० रुपये खर्च झाला. राहिले ४,४००. तास लागले १२०. म्हणजे ताशी साधारण ३७ रुपये.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण '३७ म्हणजे काहीच नाही' म्हणून लगेच बंद करतात. काही जण 'सुरुवात आहे, वाढेल' म्हणून चालू ठेवतात. दोघांनीही हा ३७ कशाचा बनला आहे ते बघितलेलं नसतं.

आधी आकडा स्वच्छ करायचा

या ३७ मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली म्हणजे एकदाच होणारा खर्च. नोंदणी, डिझाइन आणि फुकट नमुने दर तिमाहीला लागणार नाहीत. ते बाजूला काढले की धंदा आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. पहिल्या दोन आठवड्यांत १२० पॅकेटं गेली. ती कुणी घेतली? मावशी, शेजारी, कॉलेजच्या मैत्रिणी, भावाच्या ऑफिसातले लोक. ही खरेदी मालासाठी नव्हती, नात्यासाठी होती. ओळखीच्या लोकांचा पहिला लोट जवळपास प्रत्येक घरगुती धंद्यात येतो आणि ओसरतो. तो मोजला की धंदा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

म्हणून निर्णयासाठी तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचाच हिशेब घ्यायचा. या दहा आठवड्यांत २४० पॅकेटं गेली, १४० थेट आणि १०० दुकानांतून. प्रवास आणि बुडालेली उधारी वजा जाता ३,९४० रुपये राहिले. तास १००. दर ताशी ३९ रुपये.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर ताशी ३९ रुपयेच येतात. म्हणजे भांडवल अडकवून, उधारीचा धोका पत्करून हाती आलेला मोबदला रोजगार हमीच्या मजुरीएवढा. ठरवलेल्या ८० च्या निम्मादेखील नाही.

तरीही एवढ्यावरून सोडायचा निर्णय होत नाही. आज किती मिळतं हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा: जे सुधारता येण्यासारखं आहे ते सगळं सुधारलं, तर हा धंदा जास्तीत जास्त किती देईल? याला धंद्याचं छत म्हणू. छत ८० च्या वर असेल तर आजचे ३९ चालतील, कारण वर जायला जागा आहे. छतच ८० च्या खाली असेल तर कितीही धीर धरला तरी उपयोग नाही.

छत कसं काढायचं?

त्यासाठी १०० तास कुठे गेले ते बघावं लागतं. तिच्या वहीप्रमाणे ४० तास माल आणणं, दळून आणणं, वजन करणं आणि पॅकेट भरणं यात गेले. ६० तास विकण्यात गेले: आठवडी बाजार, दुकानांच्या फेऱ्या, व्हॉट्सॲपवर बोलणं, पैसे मागायला परत जाणं.

भरण्याचं काम सुधारता येतं. महिन्यातून एकदाच दळलं आणि पिशव्या बंद करायचं साधं यंत्र घेतलं तर ४० चे १६ तास होतील. दुकानांना उधारी बंद केली तर बुडालेले ६०० रुपये वाचतील. या दोन्ही सुधारणा खात्रीच्या आहेत, कारण त्या तिच्याच हातात आहेत. त्या धरल्या तर ७६ तासांत ४,५४० रुपये, म्हणजे ताशी ६० रुपये.

आता किंमत. पॅकेट ८० रुपयांना विकलं आणि विक्री तेवढीच राहिली तर दर ८० च्या पुढे जातो. पण 'विक्री तेवढीच राहिली तर' ही अट आपल्या हातात नाही. ती तपासावी लागते. तिने नवव्या आणि दहाव्या आठवड्यात आठवडी बाजारात ८० रुपये भाव लावून पाहिला. तिथली विक्री निम्मी झाली. पुन्हा ७० वर आल्यावर ती परत आली. म्हणजे हा रस्ता बंद.

कच्च्या मालाचा भाव पडला तर? हळदीचा भाव वर्षभर स्थिर राहत नाही. २०२३ मध्ये तो काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेला होता. भाव पडेल या आशेवर छत मोजायचं असेल तर तो दुप्पट झाल्यावर काय, हेही मोजावं लागेल. १५० ची हळकुंडं २५० ला गेली तर २०० ग्रॅममागे २० रुपयांहून जास्त खर्च वाढतो आणि दुकानातून मिळणारे १७ रुपये पूर्ण जातात. त्यामुळे छत काढताना भाव आजचाच धरायचा.

शेवटी ७६ तासांतले ६० तास विक्रीचे उरतात. तासाला चार पॅकेटं खपतात. हा वेग वाढला तरच छत वाढेल. मग तो का वाढत नाही?

अडचण कामात आहे की गरजेत?

निर्णय इथे ठरतो. कमी विक्रीची काही कारणं विक्रेत्याच्या कामातली असतात. माल वेळेवर न मिळणं, पॅकेट फाटणं, चव किंवा रंग दर खेपेला वेगळा असणं, लोकांना माहितीच नसणं. ही दुरुस्त होतात. काही कारणं मात्र गिऱ्हाइकाच्या घरात असतात आणि ती विक्रेत्याच्या मेहनतीने बदलत नाहीत.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दुसरी खरेदी. पहिली खरेदी कुतूहलाने होते, ओळखीने होते, स्टॉलवर समोर उभं राहिल्याने होते. दुसरी गरजेने होते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तिच्याकडून ५० नव्या घरांनी थेट हळद घेतली होती. छोट्या कुटुंबाला २०० ग्रॅम हळद साधारण दोन महिने जाते. म्हणजे बाराव्या आठवड्यापर्यंत त्यातल्या बहुतेकांची हळद संपत आलेली असणार. पुन्हा घेतली ती फक्त ९ घरांनी.

तिने उरलेल्यांपैकी काहींना विचारलं. 'आवडली का?' असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. 'आत्ता घरात कोणती हळद चालू आहे?' असं विचारलं. उत्तरं जवळपास सारखी होती. घरची आहे. दिराच्या शेतातली आहे. सासरहून आली आहे. उन्हाळ्यात वर्षाची दळून ठेवली आहे.

हिंगोली जिल्ह्यात हळद विकण्यातली खरी अडचण हीच आहे. इथे हळद भरपूर आहे म्हणून माल स्वस्त आणि चांगला मिळतो, आणि त्याच कारणाने ती विकत घेणारं घर कमी सापडतं. जानेवारी ते मार्च काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. उन्हाळ्यात ज्यांच्या शेतात हळद आहे ते वर्षाची दळून घेतात आणि नात्यात वाटतातही. लेबल कितीही सुंदर केलं तरी ही सवय बदलणार नाही.

तिची चाचणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे वर्षाचा मसाला भरण्याच्या हंगामात झाली होती. हा महत्त्वाचा मुद्दा आहे. चाचणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये झाली असती तर 'हंगाम नव्हता' असं म्हणायला जागा होती आणि थांबून उन्हाळा बघणं शहाणपणाचं ठरलं असतं. सगळ्यात चांगल्या महिन्यांत छत ६० वर अडकत असेल तर इतर महिन्यांकडून अपेक्षा ठेवता येत नाही.

एक बदल, एकदाच, तारीख लावून

इथे एक रास्त शंका येते. अडचण हळदीत नाही, बाजारात आहे. मग बाजार बदलला तर? पुण्यात, मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात हळद घरची नसते आणि मानांकनाचं नाव तिथे चालू शकतं.

शंका बरोबर आहे, म्हणून ती तपासायची. फक्त तिलाही रेघ हवी. सोडण्यापूर्वी एक मोठा बदल, एकदाच, ठरलेल्या मुदतीत. किंमत, पॅकेट, गाव आणि गिऱ्हाईक सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि एकामागून एक बदल करत राहिलं तर चाचणी कधी संपतच नाही.

तिने चार आठवडे दिले. हिंगोलीतून बाहेर गेलेल्या कुटुंबांना एक किलोचं पॅकेट कुरियरने पाठवायचं, भाव ३४० रुपये. पावडर आणि पॅकिंगचे १८५, कुरियरचे ९० वजा जाता ६५ रुपये सुटतात. चार आठवड्यांच्या ४० तासांत ५० ऑर्डर आल्या तर दर ८० च्या पुढे जातो. हा आकडाही आधीच लिहिला. आल्या ११. म्हणजे ४० तासांचे ७१५ रुपये.

इथेही फक्त ११ हा आकडा बघून चालत नाही, छत बघावं लागतं. महिन्याला ८,००० म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये. किलोमागे ६५ सुटत असतील तर वर्षाला जवळपास १,४८० किलो विकावी लागेल. छोट्या कुटुंबाला एक किलो हळद बहुतेक वर्षभर पुरते. म्हणजे जवळपास तेवढीच कुटुंबं हवीत. आणि खूश झालेलं गिऱ्हाईकही परत येईल ते पुढच्या वर्षी. ११ वरून १,४८० पर्यंत जायला जाहिरातीचा खर्च लागेल, आणि तो ६५ रुपयांतूनच जाणार.

कुणी ते करू शकेल का? मोठं भांडवल आणि शहरात विक्रीची व्यवस्था असलेला माणूस करू शकेल. आठवड्याला १० तास आणि १५,००० रुपये असलेल्या तरुणीसाठी उत्तर नाही असं आहे. कल्पना वाईट ठरली असा याचा अर्थ नाही. ती या माणसाच्या वेळेत आणि पैशात बसत नाही, एवढंच ठरलं.

कधी सोडायचं नाही?

हाच हिशेब कधीकधी उलट उत्तर देतो. कमाई कमी असेल, पण पहिल्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे-अधिक स्वतःहून परत येत असतील, माल संपल्यावर लोक विचारत येत असतील आणि कमाई अडली असेल ती भरण्याच्या वेगावर किंवा उधारीवर, तर सोडायचं नाही. तिथे छत उंच आहे आणि अडथळा आपल्या हातातला आहे.

महाराष्ट्रातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली असं सांगितलं जातं. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'हार मानू नका' असं सांगायला वापरली जाते. तिच्यातला फरक मात्र बघण्यासारखा आहे. नांगराची गरज प्रत्येक शेतकऱ्याला होती. आड येत होती ती समजूत, आणि शेजारच्या शेतात नांगर चाललेला दिसला की समजूत बदलते. वसमतच्या आठवडी बाजारात कुणाचीही हळदीबद्दल चुकीची समजूत नाही. घरात हळद आहे, म्हणून विकत लागत नाही. समजुतीसाठी थांबणं योग्य ठरू शकतं. नसलेल्या गरजेसाठी थांबून काही होत नाही.

यंत्र आणि कर्ज मध्ये आलं की

हा निर्णय अवघड होण्याचं एक मोठं कारण म्हणजे चाचणी संपायच्या आत घेतलेलं यंत्र. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेलं असतं आणि किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. उरलेलं कर्ज फेडायचं असतं.

योजना उपयोगी आहे, पण कधी घ्यायची याचा क्रम महत्त्वाचा आहे. यंत्राने दळण्याचा आणि भरण्याचा वेग वाढतो. या उदाहरणात अडलं होतं विक्रीत. तिथे यंत्र घेतलं असतं तर तासाला चारच पॅकेटं खपली असती, फक्त हप्ता वाढला असता. शिवाय 'एवढं यंत्र घेतलंय, आता कसं सोडायचं?' हा विचार सुरू झाला असता. गेलेले पैसे धंदा चालू ठेवून परत येत नाहीत. पुढच्या महिन्याचे तास कुठे लावायचे, एवढाच निर्णय हातात असतो. म्हणून दळण गिरणीतून, पिशव्या बाजारातून, आणि दुसरी खरेदी दिसल्यावरच यंत्राचा विचार.

पुढची कल्पना दुसऱ्या नंबरचीच असते का?

नाही. यादी चाचणीच्या आधी केलेली असते. चाचणीनंतर आपल्याला जास्त कळलेलं असतं, म्हणून यादी पुन्हा लावायची.

हळदीने या तरुणीला दोन गोष्टी शिकवल्या. गावातली घरं जे स्वतः करून ठेवतात ते विकत घेत नाहीत. आणि जी वस्तू दोन महिने पुरते तिचं गिऱ्हाईक परत यायला दोन महिने लागतात, त्यामुळे चाचणीही लांबते.

आता यादीकडे बघा. वाळवण दुसऱ्या नंबरवर होतं, पण तेही घरोघरी होतं आणि उन्हाळा संपत आला. ते खाली जातं. घाण्याच्या तेलाला यंत्र लागतं, तेही खाली. डबा तिसऱ्या नंबरवर होता. खोली घेऊन राहणारा विद्यार्थी किंवा बदलीवर आलेला कर्मचारी घरून जेवण आणू शकत नाही आणि त्याला ते रोज लागतं. डबा वर येतो.

हातात घेण्यापूर्वी त्याचंही छत काढायचं. ७० रुपयांच्या डब्यात किराणा, गॅस आणि पोहोचवण्याचं पेट्रोल मिळून ५० रुपये गेले तर २० राहतात. दहा डब्यांना रोज तीन तास लागले तर ताशी ६७ रुपये. वीस डबे साडेचार तासांत झाले तर ताशी ८९. म्हणजे वीस डब्यांना छत ८० च्या वर जातं आणि आठवड्याचे तास २७ च्या आसपास येतात. तिच्या २५ तासांपेक्षा थोडे जास्त, म्हणून घरात आधी बोलावं लागेल.

नवी रेघ अशी: चार आठवडे, आणि पहिल्या आठवड्यातल्या दहा गिऱ्हाइकांपैकी किमान सात जण चौथ्या आठवड्यातही चालू हवेत. रोजची वस्तू असल्याने उत्तर बारा आठवड्यांऐवजी चारच आठवड्यांत मिळेल. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात मात्र ही चाचणी घ्यायची नाही. खोल्या रिकाम्या असताना आलेला आकडा काहीच सांगत नाही.

बंद करताना काय करायचं?

'हळूहळू कमी करू' म्हटलं की दोन्ही धंदे अर्धे होतात. म्हणून दोन आठवड्यांची मुदत घालून जुनं आवरायचं. आधी दुकानांतली उधारी वसूल करायची आणि न खपलेली पॅकेटं परत आणायची. दळलेली हळद ठेवून दिली तर तिचा रंग आणि वास उतरतो, म्हणून ती खाणावळींना किंवा हॉटेलांना जवळपास खर्चाच्या भावात देऊन टाकायची. न दळलेली हळकुंडं कोरडी राहिली तर टिकतात, ती बाजारात विकता येतात. नोंदणी रद्द करायची घाई नको. डबा हाही अन्नाचाच धंदा आहे. नोंदणीत व्यवसायाचा प्रकार बदलून घ्यायचा.

आणि गिऱ्हाइकांची यादी ठेवायची. दुसऱ्यांदा हळद घेणारी ९ घरं आणि बाहेरगावची ११ कुटुंबं ही खरी मागणी आहे, फक्त एवढ्यावर वर्षभराचा धंदा उभा राहत नाही. दर फेब्रुवारीत त्यांना एक निरोप पाठवायचा, आगाऊ पैसे घेऊन ऑर्डर घ्यायची, मार्च-एप्रिलमध्ये एकदाच दळून एकदाच पाठवायची. तासांची वही त्या वेळीही उघडी ठेवायची. ताशी ८० सुटले तर पुढच्या वर्षी पुन्हा, नाहीतर तेही बंद.